जाहिरातीची ओळ इटालियनमध्ये नेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात बसून मी निर्यातदारांच्या जाहिरातींचा मजकूर इटालियनमध्ये नेण्याचं काम बघते. ब्रीफ, म्हणजे ओळीतून काय साधायचं आहे याचं टिपण, आम्ही तयार करतो, ओळ मिलानमधली एक कॉपीरायटर लिहिते, आणि मधला सगळा संवाद माझ्याकडे असतो. नवीन ग्राहक आणि इटालियन शिकणारे विद्यार्थी साधारण तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

ओळ जेमतेम चार-पाच शब्दांची आहे. तिचं सरळ भाषांतर का करायचं नाही?

कारण त्या चार-पाच शब्दांत अर्थ हा फक्त एक भाग असतो. ठेका असतो, यमक असतं, कोणत्या शब्दावर आवाज पडतो हे असतं. भाषांतर करताना अर्थ हाताला लागतो आणि बाकीचं सांडतं. एक उदाहरण सावकाश बघू.

हारिबो ही जर्मनीतल्या बॉन शहरात १९२० साली सुरू झालेली गोळ्या-चॉकलेटांची कंपनी. तिची जर्मन ओळ आहे : «हारिबो माख्ट किंडर फ्रो, उंट एरवाक्सेनं एबेन्झो». अर्थ अगदी साधा. हारिबोमुळे मुलं खूश होतात, आणि मोठी माणसंही तशीच. पहिला अर्धा भाग १९३०च्या दशकातला, मोठ्या माणसांचा भाग नंतर जोडलेला. मोठ्याने म्हणून बघा. फ्रो आणि एबेन्झो यांचं यमक जुळतं, आणि खुद्द हारिबो हे नावही ओकारान्त असल्यामुळे तोच सूर धरतं. दोन्ही भाग साधारण सात-सात अक्षरांचे आहेत आणि दोन्हींचा शेवट ठोस आघातावर होतो. म्हणून ती ओळ लहान मुलंही गाऊ शकतात.

आता हिचं चोख इटालियन भाषांतर : «आरिबो रेन्दे फेलिची ई बाम्बीनी, ए आन्के ल्यी आदुल्ती». व्याकरणात चूक नाही, अर्थातही नाही. पण पहिला भाग दहा-अकरा अक्षरांचा झाला आणि दुसरा त्याच्या निम्म्यावर आला, म्हणजे ओळ एका बाजूला लंगडते. बाम्बीनी आणि आदुल्ती यांचं यमक होत नाही. शिवाय दोन्ही शब्दांत जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो, शेवटचं अक्षर मऊ पडतं, आणि जर्मन ओळीचा तो ठाम ठोका नाहीसा होतो.

इटलीत प्रत्यक्षात वापरली जाणारी ओळ अशी आहे : «आरिबो ए ला बोन्ता, के सी गुस्ता आद ओन्यी एता». बोन्ता म्हणजे चांगुलपणा, खाण्याच्या बाबतीत चविष्टपणा. एता म्हणजे वय. हारिबो म्हणजे प्रत्येक वयात चाखावा असा गोडवा, असं काहीसं. यात मुलं नाहीत, मोठी माणसं नाहीत, खूश होणंही नाही. म्हणजे जर्मन ओळीतला हारिबो सोडून एकही शब्द इटालियनमध्ये पोहोचलेला नाही. तरीही ओळ तीच आहे, कारण मुलं आणि मोठी माणसं ही जोडी «ओन्यी एता», म्हणजे प्रत्येक वय, या दोन शब्दांत सामावली.

यातली खरी कारागिरी बोन्ता आणि एता या शब्दांच्या निवडीत आहे. इटालियनमधल्या बहुतेक शब्दांचा जोर उपांत्य अक्षरावर असतो, पण थोडे शब्द असे आहेत की ज्यांचा जोर अगदी शेवटच्या अक्षरावर पडतो. त्यांना तिथे «पारोले त्रोन्के» म्हणतात, शब्दशः छाटलेले शब्द. बोन्ता, एता, चित्ता (शहर), लिबेर्ता (स्वातंत्र्य) हे सगळे त्यातले. जर्मन ओळीचा ठोस शेवट इटालियनमध्ये आणायचा तर अशा छाटलेल्या शब्दांकडेच जावं लागतं, आणि लिहिणाऱ्याने नेमकं तेच केलं. डिक्शनरीत «खूश» या शब्दासमोर बोन्ता कधीच सापडणार नाही.

आपल्याकडे उखाणा घ्या. नवऱ्याच्या नावाशी यमक जुळावं म्हणून आधीच्या ओळीत कधी निरांजन येतं, कधी महादेवाची पिंडी येते. तो उखाणा शब्दशः इटालियनमध्ये नेला तर ऐकणाऱ्याला वाटेल की ही बाई पिंडीविषयी काही सांगते आहे. तो घेण्याचं कारण, म्हणजे नाव, मागेच राहील.

पण शब्द इतके बदलले तर ती आमचीच ओळ राहते का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि रास्त आहे. माझं उत्तर असं : ओळ कोणतं काम करते ते आधी ठरवा. ते काम राहिलं तर ओळ राहिली.

लॉरेआलची इंग्रजी ओळ आठवा, «बिकॉज आय ॲम वर्थ इट». ती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये इलॉन स्पेख्त या तरुण कॉपीरायटरने केसांच्या एका रंगासाठी लिहिली. तो रंग प्रतिस्पर्ध्याच्या रंगापेक्षा महाग होता. म्हणून त्या «इट»मध्ये जास्त मोजलेले पैसे लपलेले आहेत : मी जास्त मोजते, कारण माझी तेवढी किंमत आहे. इटालियनमध्ये शब्दांच्या जवळ राहायचं तर «पेर्के मे लो मेरितो» होईल, म्हणजे मी त्याला पात्र आहे. पण हे वाक्य दमून घरी आलेला माणूस आइस्क्रीम खाताना म्हणतो. त्यात लाड आहे, मान नाही.

इटलीत ओळ आली ती «पेर्के ईओ वाल्गो». कारण मी मोलाची आहे. «इट» पूर्ण गेलं, किमतीचा संदर्भ गेला, फक्त बाईचं मोल उरलं. आणि इथे एक गोष्ट मराठी कानाला चटकन कळेल. इटालियनमध्ये आपल्यासारखंच क्रियापदात कर्ता कळतो. आपण «जाते» म्हणतो, «मी जाते» म्हणायची गरज नसते. तसंच नुसतं वाल्गो म्हटलं तरी «मी» त्यात आलं. तरीही इथे ईओ, म्हणजे मी, मुद्दाम ठेवलं आहे. गरज नसताना आलेला «मी» कानावर जोरात पडतो. इंग्रजीत «आय» टाळताच येत नाही, त्यामुळे तिथे तो जोर आवाजाने द्यावा लागतो. इटालियनमध्ये तो शब्दाच्या असण्यानेच मिळाला. या एका ठिकाणी इटालियन ओळ मूळ ओळीपेक्षा सरस आहे असं मला मनापासून वाटतं.

जिलेटच्या ओळीत काम थोडं सरकलं. १९८९ सालची इंग्रजी ओळ «द बेस्ट अ मॅन कॅन गेट», शेवटचा गेट आणि जिलेट यांचं यमक. इथे सर्वोत्तम आहे ते रेझर. इटलीत ओळ झाली «इल मेल्यो दी उन उओमो», माणसातलं सर्वोत्तम. यमक गेलं, आणि उत्तमपणा वस्तूतून पुरुषात गेला. असा बदल ग्राहकाला विचारून, त्याच्या संमतीनेच करायचा असतो. कॉपीरायटरने आपल्या मनाने तो करून टाकू नये.

गिऱ्हाइकाला तू म्हणायचं की तुम्ही?

इंग्रजीत «यू» म्हणून सुटका होते. इटालियनमध्ये तीन वाटा आहेत. «तू» (योगायोगाने उच्चारही आपल्यासारखाच), आदरार्थी एकवचनी «लेई», आणि अनेकवचनी «वोई». आजच्या खाण्यापिण्याच्या, कपड्यांच्या, सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातीत तू अगदी सहज चालतं, त्यात उद्धटपणा वाटत नाही. मराठी ग्राहकांना याचा धक्का बसतो, कारण आपल्याकडे अनोळखी गिऱ्हाइकाला एकेरी हाक जपून मारतात. उलट ओळीत लेई घातलं तर बँकेचं पत्र वाचल्यासारखं होतं.

लॉरेआलने पुढे ओळ «मी»वरून समोरच्या बाईकडे वळवली. तेव्हा इटालियनमध्ये ती झाली «पेर्के वोई वालेते». वोई म्हणजे तुम्ही सगळ्या. इंग्रजी «यू» ऐकताना एक बाई दिसते की अनेक, हे कळत नाही. इटालियनला मात्र निवड करावीच लागते, आणि एकदा वोई आलं की ओळ एकीशी न बोलता सगळ्याजणींशी बोलते. म्हणून ब्रीफमध्ये मी एक वाक्य नेहमी लिहिते : ही ओळ एका माणसाच्या कानात सांगायची आहे की चौकात उभं राहून?

शब्दशः भाषांतर कधीच चालत नाही का?

चालतं, आणि चाललं तर त्याला हात लावू नये. «अ डायमंड इज फॉरएव्हर» ही ओळ १९४७ साली फ्रान्सिस गेरेटी यांनी लिहिली. इटालियनमध्ये ती शब्दाला शब्द ठेवून आली : «उन दियामान्ते ए पेर सेम्प्रे». «पेर सेम्प्रे» म्हणजे कायमचं, आणि प्रेमात माणसं हेच दोन शब्द एकमेकांना बोलतात. म्हणजे हवी ती भावना त्या शब्दांत आधीपासूनच भरलेली होती. फ्रेंचमध्ये मात्र तीच ओळ «हिरा शाश्वत असतो» अशा विशेषणाच्या वाटेने गेली. शेजारच्या दोन भाषा, पण एकीत सरळ वाट मोकळी आणि दुसरीत वळसा. त्यामुळे आमच्याकडे पहिला मसुदा नेहमी शब्दशःच असतो. तो मोठ्याने वाचायचा. इटालियन माणूस घरात असं बोलेल का, एवढं विचारायचं.

रेड बुलची ओळ याच्या अलीकडची पायरी आहे. पंख देतो, असं न म्हणता इटालियनमध्ये «ती मेत्ते ले आली» म्हणतात, म्हणजे तुला पंख लावतो, कारण त्या भाषेतला वाक्प्रचारच पंख «लावण्याचा» आहे. एका क्रियापदाचा फरक, पण तेवढ्याने ओळ घरची झाली.

आणि कधी ओळ इंग्रजीतच राहू द्यायची असते. मॅकडोनल्ड्सची २००३ सालची ओळ, «आय ॲम लव्हिन इट», फ्रान्समध्ये स्थानिक भाषेत गेली, इटलीत इंग्रजीच राहिली. तिथे इंग्रजीतला «करतो आहे» हा चालू काळ प्रेम या क्रियापदाला चिकटवला तर वाक्य कृत्रिम होतं. छोटी, सोपी इंग्रजी ओळ शहरी तरुण गिऱ्हाइकाला कळते. पण वय वाढलेल्या, गावातल्या गिऱ्हाइकाला विकायचं असेल तर हा मार्ग मी सुचवत नाही.

प्रत्यक्ष काम कसं चालतं? एखादं उदाहरण सांगाल?

कोकणातल्या एका उत्पादकाला हापूसचा पल्प इटलीतल्या जेलातेरियांना, म्हणजे आइस्क्रीम बनवून विकणाऱ्या दुकानांना, विकायचा होता. ३.१ किलोचा डबा, घेणारा स्वतः कारागीर. इंग्रजी ओळ होती «टेस्ट द सनशाइन».

शब्दशः गेलं तर «आस्सापोरा ला लूचे देल सोले». चार अक्षरांची ओळ दहा अक्षरांची झाली, आणि आस्सापोरा हे क्रियापद तिथल्या जाहिरातींत वापरून वापरून झिजलेलं. थोडं आवरून «गुस्ता इल सोले» करता येतं. हे बसतं, पण आमच्या कॉपीरायटरने एक अडचण दाखवली. इटलीत टोमॅटो, संत्री, लिंबं, सगळंच सूर्याच्या नावाने विकलं जातं. नुसतं ऊन म्हटलं की इटालियन माणसाच्या डोळ्यांपुढे सिसिली येतं, कोकण येत नाही.

तिने दोन नवीन ओळी दिल्या. पहिली, «मातुरातो आल सोले. सी सेन्ते.» उन्हात पिकलेला, कळतंच. सेन्तीरे या क्रियापदात चव, वास, स्पर्श, ऐकणं सगळं येतं, त्यामुळे «सी सेन्ते» फार सुंदर होतं. मी खूश होऊन ती पाठवली. उत्पादकाचा फोन आला : «ताई, हापूस उन्हात पिकत नाही हो. तयार आंबा काढून गवतात अढी लावतो आम्ही. उन्हात ठेवला तर भाजेल.» चूक माझी होती. ब्रीफमध्ये मीच उन्हात पिकलेला असं सहज लिहून गेले होते. आणि ही चूक फक्त लाजेची नव्हती. इटलीत जाहिरातदारांची स्वयंनियमन संहिता १९६६पासून आहे. तिचं दुसरं कलम दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविषयी आहे आणि सहाव्या कलमाने केलेला दावा खरा असल्याचं दाखवण्याची जबाबदारी जाहिरातदारावर टाकली आहे. «क्रेश्शूतो आल सोले», उन्हात वाढलेला, असं केलं असतं तर दावा खरा झाला असता.

दुसरी ओळ होती «इल सोले, आल कुक्क्यायो». सूर्य, चमच्याने. इटालियन मेनूत चमच्याने खायच्या गोड पदार्थांचा एक वेगळा वर्गच असतो, «दोल्ची आल कुक्क्यायो», तिरामिसू, पान्ना कोत्ता वगैरे. त्यामुळे वाचणाऱ्या कारागिराला लगेच कळतं की हे आपल्या धंद्यातलं आहे, आणि दोल्ची म्हणजे गोड पदार्थ, त्याच्या जागी सूर्य बसल्याने तो क्षणभर थबकतो. सूर्य राहिला, चव राहिली, आणि सिसिलीची संत्री बाजूला झाली. हीच ओळ निवडली.

तिची मर्यादाही सांगते. पुढच्या वर्षी त्याच उत्पादकाने आंब्याच्या पेयाची बाटली काढली आणि तीच ओळ छापायला घेतली. बाटलीतलं पेय चमच्याने कोण घेणार? तिथे नवीन ओळ लिहावी लागली. ओळ जितकी एखाद्या पदार्थाला घट्ट बसते, तितकी ती दुसऱ्याला लावता येत नाही. म्हणून ब्रीफच्या वेळीच सांगा की पुढे आणखी काय विकणार आहात.

तुम्ही दिलेलं उलट भाषांतर वाचलं, पण ओळ फिकी वाटली. असं का?

प्रत्येक पर्यायासोबत आम्ही त्याचा शब्दशः अर्थ मराठीत किंवा इंग्रजीत देतो, आणि तो का निवडला याचं चार ओळींचं कारण देतो. अडचण अशी की ग्राहक फक्त पहिली गोष्ट वाचतो. «सूर्य, चमच्याने» हे मराठीत विचित्रच वाटणार. हारिबोची इटालियन ओळ मराठीत «प्रत्येक वयात चाखावा असा गोडवा» होते, त्यात ना यमक ना ठेका. उलट भाषांतर फक्त अर्थ भलतीकडे गेला नाही ना हे तपासण्यासाठी आहे. ओळ कशी वाजते हे ऐकायचं असेल तर आम्ही कॉपीरायटरच्या आवाजातली फाइल पाठवतो. इटालियन येत नसली तरी ती तीनदा ऐका. आघात कुठे पडतो हे कानाला कळतं.

तुमचा दर शब्दांच्या संख्येवर का नाही?

तीन शब्दांच्या ओळीमागे दोन-तीन दिवसांचा विचार, टाकलेले पंधरा-वीस पर्याय आणि कायदेशीर तपासणी असते. म्हणून आमचा दर तासांवर किंवा संपूर्ण कामावर ठरतो.

मी इटालियन चांगलं शिकलो आहे. ओळ मीच लिहू का?

ब्रीफ तुम्ही लिहा, पर्याय तपासा, शंका विचारा. शेवटची ओळ मात्र त्या भाषेत लहानाचा मोठा झालेल्या माणसाकडूनच घ्या. इटलीत १९५७ ते १९७७ अशी वीस वर्षं रोज रात्री «कारोसेल्लो» नावाचा जाहिरातींचा कार्यक्रम टीव्हीवर लागायचा. छोटी गोष्ट, आणि शेवटी उत्पादनाचं नाव. मुलं तो बघून झोपायची. त्या पिढीच्या कानात यमकाच्या ओळी आजही आहेत. लावात्साची कॉफीची ओळ, «प्यू लो मांदी जू, प्यू ती तीरा सू», म्हणजे जितकी खाली ढकलाल तितकी ती तुम्हाला वर उचलते. खाली आणि वर या विरुद्ध शब्दांचंच यमक. नवीन ओळ लिहिताना अशा कोणत्या जुन्या ओळीची आठवण जागी होते, हे बाहेरून शिकलेल्याला कळणं अवघड असतं. मला सोळा वर्षांनंतरही दरवेळी कळत नाही.

ओळ मंजूर झाली. छपाईला देताना काय बघायचं?

दोन गोष्टी, आणि दोन्ही मी स्वतः भिंग घेऊन बघते. पहिली, जोडाक्षरं. आन्नो म्हणजे वर्ष; त्यातला एक न गळला तर तो शब्द शरीराच्या अशा भागाचं नाव होतो की अख्खा माल परत बोलवावा लागेल. «वर्षभर» असा शब्द ओळीत असेल तर तो दोन वेगवेगळ्या माणसांनी वाचायचा. दुसरी, स्वरावरची तिरकी खूण. पेर्के या शब्दाच्या शेवटच्या स्वरावर ती उजवीकडे वर चढणारी असते, बोन्ता आणि एता यांच्यावर उजवीकडे खाली उतरणारी. आपल्याकडचे डिझायनर बहुतेक वेळा एकच खूण सगळीकडे चिकटवतात, किंवा मोठ्या अक्षरात ओळ घेताना खुणेच्या जागी ॲपॉस्ट्रॉफी टाकतात. इटालियन वाचकाला ते लगेच परकं दिसतं.

आणि डब्यावर इंग्रजी शब्द ठेवणार असाल तर तेही कॉपीरायटरला दाखवा. «वॉटर» हा शब्द इटालियनमध्ये गेला आहे, पण तिथे त्याचा उच्चार वातेर होतो आणि अर्थ होतो संडासाचं भांडं. एका सरबताच्या लेबलवर आम्हाला तो छपाईच्या आदल्या दिवशी सापडला होता.